दोन रंगांची भिंत, उघडणारी पार्सलं आणि कोणती टेप कुठं?

शाहूपुरी_चप्पल

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत तळमजल्याला आमची एक खोली आहे. कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाईन ऑर्डरी तिथूनच पॅक होऊन जातात. सध्या खोली रंगवायला काढलीय. पेट्या घासून खालची भिंत कायम मळते, म्हणून खाली चार फूट मरून आणि वर ऑफव्हाईट असं ठरवलं. पेंटरनं रेषेवर नेहमीची पिवळट मास्किंग टेप मारली, मरूनचे दोन हात दिले आणि दुसऱ्या दिवशी टेप ओढली.

एका भिंतीवर मरून टेपखाली झिरपलाय, रेष करवतीच्या दातासारखी झालीय. समोरच्या भिंतीवर नेमकं उलटं झालंय. रेष बऱ्यापैकी सरळ आहे, पण टेपबरोबर वरच्या ऑफव्हाईटचे पापुद्रे सुटून आले. टेप तीच, माणूस तोच. पेंटर म्हणतो, "टेप खराब लागली." दुकानदार म्हणतो, "हीच टेप सगळं कोल्हापूर नेतंय." अजून दोन भिंती बाकी आहेत, काम थांबवून ठेवलंय.

दुसरं दुखणं पार्सलांचं. ब्राऊन टेप वापरतो, दोन इंची, रोलवर ४० मायक्रॉन लिहिलंय. उन्हाळ्यात एक तक्रार नव्हती. पाऊस सुरू झाला तसे गिऱ्हाईकांचे फोटो यायला लागले, टेप टोकाकडून उघडलेली.

आणि जाता जाता, बाहेरच्या भिंतीवर दुकानाच्या नावाची अ‍ॅक्रिलिकची अक्षरं लावायची आहेत. डबल साईड टेपवर राहतील का?

नादखुळा_कोल्हापूर

ताई, एवढं डोकं कशाला लावताय? काळी कापडी टेप आणा. पेटीला तीच, भिंतीला तीच. आमच्या गाडीचा फाटका सीट गेली कित्येक वर्षं तिच्यावर चाललाय. कापडी टेप एकदा बसली की निघत नाही, विषय संपला!

उद्यमनगर_स्प्रे

नादखुळा, निघत नाही हीच तर अडचण आहे की भावा. भिंतीला लावायची टेप उद्या काढायची असते. कापडी टेपचा गोंद रबराचा आणि जाड थराचा असतो. फाटक्या सीटवर, पाईपवर, खडबडीत जागी तो खाचांत शिरून धरतो, तिथं तुझं म्हणणं सोळा आणे खरं. पण रंगावर लावलीस तर काढताना रंग तरी घेऊन येईल, नाहीतर चिकट काळा डाग तरी ठेवून जाईल.

ताई, आता तुमच्या भिंतीकडे येतो. आमचं उद्यमनगरात मशीनच्या कव्हरांना स्प्रे मारायचं काम आहे, त्यामुळं टेप रोजच्या हातातली. मास्किंग टेप मुळात गाड्यांच्या दोन रंगांच्या कामासाठीच निघाली. १९२५ साली अमेरिकेत ३एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या माणसानं ती केली. तेव्हा दुरंगी गाड्यांची फॅशन होती आणि आधी लावलेला चिकट कागद काढताना रंगच उपटून यायचा. म्हणजे तुमचं दुखणं शंभर वर्षांचं जुनं आहे.

तुमच्या दोन भिंतींना दोन वेगळे रोग आहेत, म्हणून टेप बदलून दोन्ही बरे होणार नाहीत. झिरपलं तिथं टेपची कड भिंतीला पुरती टेकलेली नव्हती. पापुद्रे आले तिथं टेप नीट टेकली होती, पण खालच्या रंगानं भिंत सोडली. उरलेल्या भिंतींचा रोग कुठला हे टेप मारायच्या आधीच बघता येतं. वीतभर तुकडा कापा, भिंतीवर अंगठ्यानं घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. मग टेपची चिकट बाजू उजेडात धरा. त्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर वरचा थर भुसभुशीत आहे. रंगाची पापडी आली आणि पापडीच्या पाठीला पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, चिकटलेली असली तर प्रायमर मारलेला नाही, किंवा मारला असला तरी धरलेला नाही. टेप कोरी निघाली तर भिंतीला दोष देऊ नका.

हे एकाच जागी करू नका. खाली, मध्ये, खिडकीजवळ असं फिरून करा.

शाहूपुरी_चप्पल

पेंटरला विचारलं. पापुद्रे आलेल्या भिंतीवर आधी जुना डिस्टेंपर होता, त्यावर थेट ऑफव्हाईट इमल्शन मारलंय. झिरपलेली भिंत नवीन प्लास्टरची आहे, तिथं प्रायमर आहे. तुकडा लावून उद्या बघते.

पंचगंगाकाठ

शाहूपुरीतला तळमजला म्हणताय, तर एक विचारतो. २०१९ च्या पुरात पाणी आत आलं होतं का? आमच्या घरी तेव्हा कमरेपर्यंत होतं. तेव्हापासून त्या उंचीखाली भिंतीला लोणा येतो, दर पावसाळ्यात पांढरी भुकटी फुलते. त्यावर रंगही धरत नाही आणि टेपही. आम्ही टेप लावली तर रात्रीतून आपोआप खाली पडलेली असते.

उद्यमनगर_स्प्रे

पंचगंगाकाठ, चांगली आठवण केलीत. लोण्याची भुकटी आणि डिस्टेंपरची भुकटी टेपवर सारखीच दिसते, त्यात गफलत होऊ शकते. डिस्टेंपर ओल्या फडक्यानं पुसला की फडक्याला रंग लागत राहतो. लोणा पुसला की जातो, पण भिंत वाळली की चार-आठ दिवसांत परत फुलतो. लोणा असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त हवा, टेपची चर्चा नंतर.

शाहूपुरी_चप्पल

पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आत नाही. आज तुकडे लावून पाहिले. नवीन प्लास्टरच्या दोन्ही भिंतींवर टेप कोरी निघाली. जुन्या डिस्टेंपरच्या उरलेल्या भिंतीवर पिठासारखी भुकटी आली, आणि ओल्या फडक्याला पिवळट रंग लागतोय. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

उद्यमनगर_स्प्रे

मग डिस्टेंपरची भिंत सोपी आहे, फक्त मेहनतीची. पत्र्यानं सुटेल तेवढा डिस्टेंपर खरवडा, ओल्या स्पंजनं उरलेलं धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर, मग ऑफव्हाईटचे दोन हात. तुकड्याची परीक्षा परत घ्या. तोवर त्या भिंतीला टेप दाखवू नका. ऑफव्हाईट मारल्यावरही एक दिवस तरी जाऊ द्या. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे आतून घट्ट झाला असं नसतं, त्यात कोल्हापूरचा जुलै. जमत असेल तर दोन-तीन दिवस थांबा.

नवीन प्लास्टरच्या भिंतीवर झिरपण्याचं बघूया. मास्किंग टेपचा कागद सुरकुत्यांचा असतो, म्हणून ती हातानं वळते. त्याच सुरकुत्यांच्या खाली बारीक वाटा राहतात. त्यात रोलरनं मारलेल्या भिंतीला दाणा असतो. पातळ रंग त्या वाटांनी आत ओढला जातो. त्यावर जुना आणि हमखास इलाज आहे, टेप मारल्यावर तिची कड वरच्याच रंगानं बंद करायची.

क्रम असा ठेवा. ऑफव्हाईट रेषेच्या दोन इंच खालपर्यंत आधीच मारलेला असू द्या. रेष पेन्सिलीनं हलकी आखा. पेंटर लोक सूत रंगाच्या भुकटीत घोळवून झटका देतात, ते इथं नको. ती भुकटी नेमकी टेपच्या कडेखाली राहते आणि टेप धरू देत नाही. टेप रेषेच्या वरच्या बाजूला, म्हणजे ऑफव्हाईट वाचवायच्या बाजूला, तिची खालची कड रेषेवर. दोन-तीन फुटांचे तुकडे लावा. लांब पट्टा ताणून लावला की कागद मागं आकसतो आणि मधूनच उचलतो. लावून झाली की जुन्या प्लास्टिक कार्डानं फक्त खालची कड दाबत जा.

आता त्या कडेवर ऑफव्हाईटचा पातळ हात ब्रशनं फिरवा. जे काही झिरपायचं ते ऑफव्हाईटच झिरपेल, ते ऑफव्हाईटवर दिसणार नाही, आणि वाटा बुजतील. तो वाळला की मरून.

सुगरण_राजारामपुरी

मला कळलं नाही. मरून रेषेखाली मारायचाय, तर कड मरूननं बंद करायची ना? ऑफव्हाईटनं केली तर मरूनच्या जागेत पांढरं येईल की.

उद्यमनगर_स्प्रे

येईल, आणि त्याच्यावर मरूनचे दोन हात जाणारच आहेत, ते झाकलं जाईल. मरूननं बंद केली तर झिरपायचं ते मरूनच झिरपेल, मग बंद करून उपयोग काय? टेपखाली जो रंग आहे त्याच रंगानं कड बंद करायची, एवढं लक्षात ठेवा.

सुगरण_राजारामपुरी

आत्ता कळलं! आमच्या किचनच्या पट्ट्याला आमच्या पेंटरनं हेच केलं होतं. मला वाटलं मघाचा रंग उरला म्हणून मारतोय.

भिंत_आणि_मी

टेप कधी काढायची यावर कोणी बोललं नाही. माझं ठाम मत आहे, रंग पूर्ण वाळल्यावरच. ओला असताना काढली की टेपवरचा रंग खाली गळतो, बोटं लागतात, सगळा राडा होतो. मी स्वतः घर रंगवलं तेव्हा रात्रभर ठेवली होती, रेष सुरीनं कापल्यासारखी आली.

उद्यमनगर_स्प्रे

तुम्ही बहुतेक पातळ एकच हात दिला असेल, तेव्हा चालतं. जाड दोन हात दिले की वाळलेल्या रंगाचा पापुद्रा टेपवरून भिंतीवर सलग होतो. टेप ओढली की तो पापुद्राही ओढला जातो आणि रेषेची कड फाटते. ताईंच्या दुसऱ्या भिंतीचा थोडा दोष हाही असू शकतो.

मी मरूनचा दुसरा हात देतो आणि तो चमक जाऊन बोटाला किंचित चिकट लागेल अशा वेळी काढतो. पावसाळ्यात एक तासही लागेल, कधी जास्त. घड्याळ बघू नका, टेपवरच बोट लावून बघा. टेप स्वतःवर मागं दुमडून, भिंतीपासून तिरकी, सावकाश ओढायची. सरळ पुढं झटका मारून नाही. राहून गेली आणि वाळली तर घाई न करता कटरनं कडेवर हलकी चीर द्या, मग ओढा.

आणि काही झालं तरी साधी पिवळी टेप दुसऱ्या दिवसापलीकडं भिंतीवर ठेवू नका. खिडकीतून ऊन येतं तिथं तर अजिबात नको. उन्हानं गोंद कागद सोडून भिंतीला चिकटतो, मग खरवडत बसायला लागतं.

भिंत_आणि_मी

मी दोन हात दिले होते. तरी रेष चांगली आली. असो, तुमचा अनुभव जास्त.

जुना_बाजार

निळी टेप वापरा की. ती मंद चिकट असते, बरेच दिवस भिंतीवर राहिली तरी सुखरूप निघते. महाग आहे, पण मजुरीच्या मानानं काहीच नाही.

उद्यमनगर_स्प्रे

निळी चांगलीच आहे, पण ती कशावर चांगली ते बघून घ्या. ताज्या रंगावर, गुळगुळीत भिंतीवर, जिथं पट्टी आठवडाभर तशीच ठेवायचीय तिथं. भुसभुशीत डिस्टेंपरवर निळी लावा नाहीतर सोन्याची लावा, खालचा थरच सुटणार. दाणेदार भिंतीवर तर मंद चिकटपणामुळं ती साध्या टेपपेक्षाही लवकर उचलते आणि झिरपणं वाढतं. कड बंद करणार असाल तर एका दिवसाच्या कामाला चांगल्या प्रतीची साधी टेप पुरते, असं माझं मत. मागं गोंदाचे ठिपके सोडणारी अगदी स्वस्तातली तेवढी घेऊ नका.

गूळ_आणि_गणित

भिंत झाली असेल तर पार्सलाकडं वळूया. आमचं गुळाचं काम. किलोच्या ढेपी पुठ्ठ्याच्या पेटीत जातात. आमच्याकडंही पावसात टेप सुटायची. टेप तीन वेळा बदलली, फरक शून्य. शेवटी दहा किलोच्या पेटीला प्लास्टिकची पट्टी आवळायला लागलो. तुम्हीही पट्टीच मारा, टेपच्या नादाला लागू नका.

शाहूपुरी_चप्पल

दादा, एका चपलेच्या जोडाच्या पेटीला पट्टी म्हणजे जरा जास्तच होईल. पेटीचं वजन किलोभर पण नाही.

पॅकिंगवाली

मी एका गोडाऊनमध्ये पॅकिंग बघते. गुळाचं आणि चपलेचं दुखणं एक नाही. गूळ हवेतली ओल ओढतो, पेटी आतून मऊ पडते. मऊ पुठ्ठ्याला टेप कितीही धरली तरी पुठ्ठ्याचा वरचा कागदच सोलून येतो. तुमची टेप सुटली तेव्हा तिच्या चिकट बाजूला तपकिरी कागदाचे धागे होते ना?

गूळ_आणि_गणित

होते. अख्खा कागद सोलून यायचा.

पॅकिंगवाली

मग तुमची टेप निर्दोष आणि पेटी दोषी. पट्टी मारली ते बरोबर केलंत.

ताई, तुम्ही गिऱ्हाईकांकडून सुटलेल्या टेपच्या चिकट बाजूचा फोटो मागवा. धागे असतील तर पुठ्ठा कमजोर. टेप मध्ये फाटलेली असेल तर फिल्म पातळ, किंवा कडेला चीर गेलीय. आणि टेप चकचकीत, स्वच्छ, जशी रोलवरून निघाली तशी असेल, तर ती पुठ्ठ्याला धरलीच नव्हती. तिसरी गोष्ट असेल असा माझा अंदाज आहे, पण फोटो बघून सांगते.

शाहूपुरी_चप्पल

मिळालेल्या सगळ्या फोटोंत टेप स्वच्छ आहे. एकात फक्त जरा धूळ चिकटलेली दिसतेय.

पॅकिंगवाली

मग तुमच्या टेपला मायक्रॉन वाढवून काही उपयोग नाही. ४० म्हणजे फिल्म आणि गोंद मिळून आकडा असतो, आणि किलोभराच्या पेटीला तो पुरेसा आहे. ती न धरण्याची कारणं बघा.

बहुतेक ब्राऊन टेपचा गोंद पाण्यात केलेल्या अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो लावल्या लावल्या पूर्ण धरत नाही. दाब आणि थोडा वेळ मिळाला की पुठ्ठ्याच्या धाग्यांत बसतो, मग मात्र बराच काळ टिकतो. पावसाळ्यात पुठ्ठा दमट असतो आणि तुम्ही टेप लावून लगेच पिकअपच्या गठ्ठ्यात टाकत असाल, तर त्याला तो वेळ मिळतच नाही.

दुसरं, पेटीची पाखं. जोड जाड असला, आत कागद कोंबला की पाखं वर उचललेली राहतात. टेपला दिवसरात्र वर ओढ बसते आणि ती सावकाश सरकते. पाखं बंद करायच्या आधी एकदा उलट्या बाजूला मोडून घ्या, म्हणजे त्यांची स्प्रिंग जाते.

आता एक आगाऊ प्रश्न. चपलांना पाठवायच्या आधी तेल लावता ना?

शाहूपुरी_चप्पल

लावतो. चामडं वाळू नये म्हणून. पावसाळ्यात जरा जास्तच. का?

पॅकिंगवाली

तेल लावणारा आणि पेटी बंद करणारा हात एकच आहे का?

शाहूपुरी_चप्पल

एकच मुलगा दोन्ही करतो. हात पुसतो, पण फडक्यानं.

पॅकिंगवाली

मग मला तिथंच संशय आहे. टेप टोकाकडून सुटतेय, आणि टोक तेच असतं जे बोटांत धरून ओढतात आणि शेवटी बोटांनी दाबतात. तेलाचा पुसट हात तिथल्या गोंदाला लागला की गोंद पुठ्ठ्याऐवजी तेलाला चिकटतो. खात्री करायची असेल तर एक दिवस तेल एकानं लावू दे आणि पेट्या दुसऱ्यानं बंद करू दे. त्या पेट्यांवर बारीक खूण करा. गिऱ्हाईकाला फोटो मागायचाच आहे, खुणेवरून कळेल.

टेप मारायच्या आधी पेटीची शिवण सुक्या फडक्यानं पुसा. नवीन पुठ्ठ्यावरही बारीक धूळ असतेच. टेप मधल्या शिवणीवर मारा आणि दोन्ही टोकांना दोन-अडीच इंच बाजूंवर उतरवा. तुमचा फोटो बघून वाटतंय, तिथं जेमतेम इंचभरच येतेय. मग हाताच्या तळव्याच्या टाचेनं सगळी पट्टी दाबा, बोटांच्या टोकांनी नाही. बंद केलेल्या पेट्या एकावर एक रचून थोडा वेळ ठेवा, वरच्या पेट्यांच्या वजनानं खालच्या आपोआप दाबल्या जातात.

पेटी जरा जड असेल तर शिवणीशिवाय तिच्या दोन्ही टोकांच्या कडांवरही टेप मारतात, वरून बघितलं की इंग्रजी एच दिसतो. तुमच्या चपलांना त्याची गरज वाटत नाही, पण पावसाचं पाणी कडांतून आत जाऊ नये म्हणून आवडत असेल तर मारा.

नादखुळा_कोल्हापूर

मग पार्सलाला कापडी का नको? ती लगेच धरते की.

पॅकिंगवाली

धरते. पण तुम्ही एका पेटीला जेवढी लावाल तेवढ्या पैशांत ब्राऊन टेपवर कितीतरी पेट्या होतात. कापडी टेप कोपऱ्याला लावायची, फुटलेल्या बॅगेला, रजिस्टरच्या पाठीला. पेट्यांना मी एकच अपवाद करते, तिरकी वेडीवाकडी वस्तू पाठवायची असेल आणि पुठ्ठा दोनदा वाकवलेला असेल तेव्हा. आणि उन्हातल्या टेम्पोत तिचा गोंद पाझरतो, लगतच्या पेटीला चिकटतो.

जुना_बाजार

ओल्या कागदाची टेपही असते, पाणी लावून चिकटवायची. तिच्यावर कोणी बोलेना.

पॅकिंगवाली

गमवाली क्राफ्ट टेप. स्टार्चचा गोंद पुठ्ठ्याच्या धाग्यांत जातो, मग पेटी फाटल्याशिवाय निघत नाही. मध्ये कोणी उघडलं तर कळतं, हा तिचा खरा फायदा. पण पाणी लावायची सोय हवी, आणि ओलं झालं की हातघाईच्या कामात पेटी सरकते. पावसाळ्यात ती चांगली की वाईट यावर आमच्याच गोडाऊनमध्ये दोन तट आहेत. मी कोरड्या ऋतूतच वापरते.

शाहूपुरी_चप्पल

अक्षरांचं कोणी सांगेल का? दहा इंच उंचीची आहेत, तीन मिमी जाडीची.

सुगरण_राजारामपुरी

मी फोटोची फ्रेम डबल साईड टेपनं लावली होती, उतरली नाही. अक्षरंही राहतील.

उद्यमनगर_स्प्रे

तुमची फ्रेम घरात आहे, ताईंची अक्षरं बाहेरच्या भिंतीवर ऊनपाऊस खाणार. दोन जातींत फरक करा. पातळ कागदी डबल साईड म्हणजे फाईलला, गिफ्टला. तिला जाडी नसते, त्यामुळं खडबडीत भिंतीवर फक्त दाण्यांच्या टोकांना टेकते. फोम टेप जाड असते, उंचसखल भरून काढते. साधा पांढरा फोम बाहेर ऊनपावसात लवकर वाळून फाटतो. अ‍ॅक्रिलिकची दाट फोम टेप बाहेर टिकते. ती दाबून लावली की तीन दिवस तिला ओझं न देता राहू द्यावं, तेवढ्यात तिची पूर्ण ताकद येते.

पण तुमच्या बाहेरच्या भिंतीवर डिस्टेंपर किंवा जुना रंग असला तर तेच होईल जे आतल्या भिंतीवर झालं. टेप अक्षराला घट्ट, रंगाला घट्ट, आणि रंग भिंतीला सैल. एक पाऊस झाला की अक्षर रंगाचा चौकोन घेऊन खाली.

मी असतो तर अक्षरं अ‍ॅक्रिलिकच्या एका सपाट शीटवर फोम टेपनं बसवली असती, शीटला चार कोपऱ्यांत स्क्रू. शीट गुळगुळीत आहे, तिला टेप हवी तशी धरते. आधी दोन्ही बाजू स्पिरिटच्या फडक्यानं पुसायच्या, बोटाचा ठसा राहिला तरी धरण कमी होतं.

भिंत_आणि_मी

सिलिकॉन का नाही? आमच्या गल्लीतल्या बोर्डाला सिलिकॉनच आहे.

उद्यमनगर_स्प्रे

सिलिकॉन चालतो, पण वाळेपर्यंत अक्षर धरून ठेवायला काहीतरी लागतं. बरेच जण दोन ठिपके टेपचे आणि बाकी सिलिकॉन असं करतात. मला ते आवडतं. मात्र नंतर अक्षर काढायचं झालं तर कापण्याची तयारी ठेवा. टेपवरचं अक्षर तेवढं सोप्यानं निघतं.

पंचगंगाकाठ

आणि जुन्या टेपचा चिकटपणा काढायचा कसा? आमच्या खिडकीच्या काचेवर पूर्वीच्या ब्राऊन टेपचे पट्टे तसेच आहेत.

पॅकिंगवाली

काचेला खोबरेल तेल चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ब्लेडनं तिरकं खरवडा, मग साबणानं पुसा. तेल गोंदाला सैल करतं, तीच गोष्ट ताईंच्या पार्सलांना नडतेय! प्लास्टिकवर थिनर लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. केस वाळवायचा ड्रायर असेल तर गरम हवेनं आधी मऊ करून घ्या, निम्मं काम सोपं होतं.

शाहूपुरी_चप्पल

तेल आणि टेप यांचे हात वेगळे केले. खुणेच्या पेट्या गेल्यात, अजून पोचायच्या आहेत. नवीन प्लास्टरच्या एका भिंतीवर कड ऑफव्हाईटनं बंद करून काम केलं, रेष सुंदर आलीय. फक्त खिडकीच्या बाजूला वीतभर जागी पुन्हा झिरपलंय. तिथं दाबायचं राहिलं की भिंतच उंचसखल आहे, हे कळेना.

उद्यमनगर_स्प्रे

फूटपट्टी भिंतीला टेकवून बघा. पट्टीखाली उजेड दिसला तर भिंतीत खड्डा आहे, तिथं लांबी भरून घासा. उजेड नसेल तर कार्ड राहिलं. आणि तेवढ्या वीतभर जागेला नवीन टेप लावू नका. बारीक ब्रशनं ऑफव्हाईटनं कड सावरा, लांबून कोणाला दिसणार आहे?

जुना_बाजार

लक्ष्मीपुरीत निळी टेप कोणाकडे मिळते? हार्डवेअरच्या दोन दुकानांत विचारलं, त्यांनी निळी इलेक्ट्रिकची इन्सुलेशन टेप हातात दिली.

शाहूपुरी_चप्पल

मलाही तीच दिली होती! रंगाच्या दुकानात विचारा, हार्डवेअरमध्ये नको. आणि फूटपट्टी लावली, खड्डाच आहे.